मौनाचा एक तास: घरातल्या प्रयोगाच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

उद्यापासून रोज संध्याकाळी सात ते आठ मौन. सहा आठवडे, म्हणजे १६ फेब्रुवारीपर्यंत. घरात पाच माणसं: मी, नवरा, सासूबाई (ज्यांना मी आईच म्हणते), तेरा वर्षांचा थोरला आणि सात वर्षांची धाकटी.

'पहाटे चारला उठ, तेव्हा शांतच असतं,' असा सल्ला तिघांनी दिला. पण पहाटे चारला सगळं घर झोपलेलं असतं, तेव्हा मी गप्प बसले त्यात मौन कुठलं? ती नुसती पहाट. मला घर चालू असताना जमतं का ते बघायचंय. सात ते आठ ही आमच्याकडची सगळ्यात गोंगाटाची वेळ, म्हणून तीच घेतली.

नियम साधा ठेवलाय. मी बोलणार नाही. बाकीच्यांनी हवं ते करावं, फक्त माझ्या खोलीचं दार लोटलेलं असेल. मोजमाप म्हणून दोन डब्या आणि शर्टाची जुनी बटणं घेतली आहेत. कुणीही माझ्यासाठी दाराशी आलं की एक बटण डावीकडून उजवीकडे.

सोमवार, ६ जानेवारी

तेवीस बटणं.

बोलले एकदाही नाही, पण तासभर दोन्ही हात चालू होते. 'कात्री कुठाय?' कपाटाकडे बोट. 'वरच्या की खालच्या?' दोन बोटं. 'दुसऱ्या कप्प्यात का?' मान. थोरल्याला हा खेळ इतका आवडला की शेवटी तो कात्री सापडल्यावरही विचारत राहिला. मूकनाट्याची तालीम चालल्यासारखं वाटलं. आठ वाजता रोजच्यापेक्षा जास्त दमलेली होते.

बुधवार, ८ जानेवारी

सोमवारची तेवीस बटणं आठवून कागदावर मांडली. कोण आलं आणि कशाला आलं, एवढंच.

वस्तू कुठे आहे हे विचारायला नऊ वेळा. काहीतरी करू का, बघू का, घेऊ का, अशी परवानगी मागायला सहा वेळा. दोघा भावंडांच्या भांडणाची फिर्याद चार वेळा. बेल आणि फोन मिळून दोन. आणि दोनदा धाकटी नुसतीच येऊन बघून गेली, मी अजून गप्प आहे ना म्हणून.

बघता बघता लक्षात आलं की यात आवाजाची तक्रार एकही नाही. टीव्ही चालू होता, थोरला भिंतीवर चेंडू आपटत होता, मिक्सर फिरला, पण त्यांनी माझा तास मोडला नाही. तो मोडला प्रश्नांनी. घरातली निम्मी माहिती माझ्या डोक्यात साठवलेली आहे आणि ती काढून घ्यायला लोक येतात. म्हणजे घराला गप्प करून उपयोग नाही. घराला तासभर माझी गरज पडणार नाही अशी सोय करायला हवी.

आज दोन गोष्टी केल्या. ज्या नऊ वस्तू विचारल्या गेल्या (कात्री, चार्जर, आईंचा चष्मा, रिमोटचे सेल, गृहपाठाची वही वगैरे) त्या सगळ्या हॉलमधल्या एकाच उघड्या टोपलीत टाकल्या. कपाटावर चिठ्ठ्या चिकटवायचाही विचार केला होता, पण आमच्याकडे चिठ्ठी कुणी वाचत नाही. टोपली दिसते. आणि सहा परवानग्यांची उत्तरं पावणेसातलाच सगळ्यांसमोर सांगून टाकली: खेळायला खाली जायचं नाही, टीव्ही साडेसातपर्यंत, मोबाईल बाबांना विचारून.

संध्याकाळी चौदा बटणं.

शुक्रवार, १० जानेवारी

धाकटी रडली. रात्री झोपवताना विचारते, 'आई, तू माझ्यावर रागावलीस का?'

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या घरांत गप्प बसण्याचा एकच प्रकार मुलांना माहीत असतो, तो म्हणजे अबोला. नवरा-बायकोत धरतात तो, जावाजावांत वर्षानुवर्षं चालतो तो. ती आमच्या दोघांच्या अबोल्यातून गेलेली आहे. तिच्या लेखी आई बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय.

तिला फरक समजावताना मलाच तो नीट मांडावा लागला. अबोला कुणावर तरी धरलेला असतो आणि तो कधी सुटणार ते कुणी सांगत नाही. त्याची सगळी ताकदच त्या न सांगण्यात असते. मौन कुणावर नसतं आणि त्याची वेळ आधी ठरलेली असते. म्हणजे सुरुवात आणि शेवट सगळ्यांना ऐकू आला पाहिजे.

आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'अगं, मग घंटा वाजव.' त्यांच्या सासूबाई चातुर्मासात मौनभोजनाचं व्रत करायच्या. चार महिने जेवताना बोलायचं नाही आणि उद्यापनाला घंटा दान द्यायची. मला हे नवीन होतं. गप्प बसण्याच्या व्रताची सांगता आवाज करणाऱ्या वस्तूने व्हावी, यामागे कुणीतरी बारीक विचार केलेला दिसतो.

देवघरातली छोटी घंटा घेतली. सातला एकदा, आठला एकदा. वाजवायचं काम धाकटीकडे. घड्याळ तिला अजून नीट वाचता येत नाही, म्हणून घड्याळावर सातच्या आणि आठच्या आकड्याला लाल टिकल्या लावल्या, म्हणजे लहान काटा तिथे आणि मोठा वर गेला की वाजवायचं.

गुरुवार, १६ जानेवारी

आजची नोंद लिहायला जड जातेय.

साडेसातच्या सुमाराला धाकटीच्या नाकातून रक्त आलं. हे तिला अधूनमधून होतं, फार काही नसतं. पण ती माझ्याकडे आली नाही. बाथरूममध्ये जाऊन मान मागे टाकून उभी राहिली आणि घशात उतरणारं रक्त गिळत राहिली. नवरा बाहेर गेला होता, थोरल्याच्या कानात हेडफोन. आठची घंटा वाजली नाही म्हणून मी बाहेर आले तेव्हा कळलं. बेसिनमध्ये थेंब, फ्रॉकवर डाग. मान पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरल्यावर थांबलं.

'हाक का नाही मारलीस?'

'तुझं मौन होतं ना.'

बटणांच्या डबीत आज पाचच बटणं होती. आत्तापर्यंतचा सगळ्यात कमी आकडा, आणि सगळ्यात वाईट दिवस. म्हणजे आकडा कमी म्हणजे काम चांगलं चाललंय, असं धरून चालायचं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

अपवाद ठरवले नव्हते ही माझी चूक. नियम लिहिला, पण तो कधी मोडायचा ते लिहिलं नाही, आणि सात वर्षांचं मूल नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतं.

गांधीजींचं सोमवारचं मौन आठवलं. २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीच्या योजनेबद्दल माउंटबॅटन त्यांना भेटले तो हा दिवस, आणि गांधीजी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने उत्तरं लिहीत होते. त्यात त्यांनी एक गोष्ट लिहून दिली: सोमवारचं मौन घेताना मी दोन अपवाद राखून ठेवले होते, एक म्हणजे मोठ्या अधिकारपदावरच्या माणसांशी तातडीच्या विषयावर बोलणं आणि दुसरा आजाऱ्यांची सेवा. त्या दिवशी समोर खुद्द व्हाइसरॉय होता, विषय तातडीचा होता, म्हणजे अपवाद लागू होत होता, तरी त्यांनी तो वापरला नाही. ते बरोबर होतं की चूक, हा वेगळा वाद. मला त्यातलं एवढंच उपयोगाचं वाटलं की अपवाद व्रत घेतानाच ठरलेले होते. प्रसंग आल्यावर ठरवायला गेलं की माणूस एक तर काहीही अपवाद मानतो किंवा काहीच मानत नाही.

आमचे तीन ठरले. एक, कुणालाही रक्त आलं, लागलं, उलटी झाली तर. दोन, आग, पाणी किंवा गॅसचा वास. तीन, आईंना गरगरलं तर. यातलं काहीही झालं की दार वाजवायचं नाही, विचारायचं नाही, सरळ आत येऊन माझ्या खांद्याला हात लावायचा. हात लागला की मौन तिथेच संपलं, उरलेला वेळ नंतर भरून काढायचा नाही.

धाकटीकडून तीनदा सराव करून घेतला. तिसऱ्या वेळी तिने रक्ताऐवजी 'आग!' म्हणून सांगितलं आणि हसत सुटली. चालेल.

सोमवार, २० जानेवारी

बटणं बारा. गेला आठवडाभर अकरा-बारावरच अडकलंय. गुरुवारची पाच धरायची नाहीत.

आजपासून पाटी ठेवून पाहिली. हातवाऱ्यांपेक्षा लिहून सांगणं बरं, असा हिशोब. तासाभरात पाटी दोन्ही बाजूंनी सहा वेळा पुसली. नवऱ्याने उद्याच्या कामांची यादीच विचारली आणि मी ती सुवाच्य अक्षरात लिहून दिली. तोंड बंद होतं एवढंच, बाकी मी नेहमीपेक्षा जास्तच बोलले.

यात नवीन काही नाही म्हणा. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मेहेराबादला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत, पण त्यातली कित्येक वर्षं ते इंग्रजी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून बोलत होते. शेजारी बसलेला माणूस ती अक्षरं वाचून मोठ्याने सांगायचा. ७ ऑक्टोबर १९५४ ला ती फळीही सोडली, मग खुणा आल्या आणि खुणांचा अर्थ सांगणारी माणसं आली. एकाच्या मौनासाठी दुसऱ्याला बोलावं लागतं ते असं. जवळपास चव्वेचाळीस वर्षांच्या मौनाची माझ्या एका तासाशी तुलना करायची नाही, पण पाटी हातात असली की माणूस बोलतोच हे मला आज सहा पुसण्यांत कळलं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात मौनाबरोबर लिहिणं-वाचणंही बंद असतं ते यासाठीच असावं. तिथे खुणाही चालत नाहीत, मात्र साधनेतली अडचण आचार्यांना आणि राहण्या-जेवणाची अडचण व्यवस्थापनाला बोलून विचारता येते.

पाटी परत माळ्यावर.

गुरुवार, २३ जानेवारी

आज थोडं आवाजाकडे. मोडत नसला तरी आवाज त्रास देतोच, आणि कोणता त्रास देतो ते पाहायचं होतं.

फोनमधल्या आवाज मोजणाऱ्या ॲपने दाराच्या आत बसून नोंद घेतली. फोनचा आकडा खरा धरायचा नसतो, पण एकाच जागी, एकाच फोनने घेतलेल्या दोन आकड्यांमधला फरक कामाचा असतो. टीव्ही चालू, दार बंद: ५१. दाराखालच्या दीड सेंटीमीटरच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून लावला: ४५. दाराला आणखी काही न करता सहाचा फरक पडला. आवाज पाण्यासारखा असतो, फट मिळाली की तिथून येतो. भिंत कितीही जाड असू दे, दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का फट उघडी असेल तर सगळं मिळून वीस डेसिबलच्या वर अडवताच येत नाही. त्यामुळे जाड पडदे आणि भिंतीला लावायचे फोम वगैरे घेण्याआधी टॉवेल.

पण गंमत पुढे आहे. टॉवेल लावल्यावरही टीव्हीवरचे संवाद कानात शिरत होते. मग पंखा मोठा केला. आकडा ४५ वरून ४८ वर गेला, म्हणजे खोलीतला आवाज वाढला, आणि तरी मला शांत वाटलं. पंख्याच्या सलग घरघरीत टीव्हीवरचे शब्द विरघळले. आवाज येतोय पण काय म्हणतायत ते कळत नाही, इतपत झालं की डोकं तिकडे जायचं थांबतं. त्रास आवाजाच्या मोठेपणाचा नसतो, शब्द कळण्याचा असतो. मिक्सर चालतो, मालिका चालत नाही, याचं कारण हे.

कापसाचे बोळे आणि फोमचे बोळेही घालून पाहिले. फोमच्या बोळ्यांनी बाहेरचं कमी झालं, पण स्वतःचं गिळणं आणि श्वास इतका मोठा ऐकू यायला लागला की दहा मिनिटांत काढून टाकले. शिवाय मुलांची हाक ऐकू येणार नाही. सोळा तारखेनंतर हे नकोच.

आईंना ऐकू कमी येतं म्हणून टीव्ही मोठा असतो. त्यांच्यासाठी बिनवायरचा हेडफोन लावून दिला. त्यांना तो फार आवडला, आता शब्द नीट कळतात म्हणाल्या. फक्त स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येईना झाला, त्यामुळे मालिकेतल्या सुनेला त्या आता दुप्पट मोठ्याने सल्ला देतात.

बुधवार, २९ जानेवारी

आज पौष अमावास्या, म्हणजे मौनी अमावास्या. आईंनी आठवण केली. दिवसभर मौन करायची माझी तयारी नव्हती, पण एक वेगळी गोष्ट करून पाहायला हा दिवस बरा वाटला.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, दुसऱ्या पादाच्या बत्तिसाव्या सूत्राखाली, तपाबद्दल बोलताना मौनाचे दोन प्रकार येतात: काष्ठमौन आणि आकारमौन. वाचस्पतिमिश्रांच्या टीकेत फरक सरळ सांगितलाय. नुसतं न बोलणं ते आकारमौन. खुणेनेही मनातलं न कळवणं ते काष्ठमौन, लाकडासारखं. मी गेले तीन आठवडे आकारमौन करत होते आणि काष्ठमौन म्हणजे काहीतरी कडक, हिमालयातलं, असं समजत होते.

आज काष्ठमौन. घंटेआधी सगळ्यांना सांगितलं: खांद्याला हात लागला तरच उठेन, नाहीतर मी मान हलवणार नाही, बोट दाखवणार नाही, भुवईसुद्धा उचलणार नाही.

सात वाजून चार मिनिटांनी थोरला आला. 'आई, ते जॉमेट्रीचं...' मी समोरच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिले. तो थांबला. 'आई?' मी टॉवेलची तिसरी घडी घातली, कडा जुळवल्या, ठेवला. तो आणखी थोडा वेळ उभा होता, मग 'बरं' म्हणून गेला. हॉलमधून टोपली उपसल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. कंपास त्याला मिळाली होती.

नंतर धाकटी दोनदा, नवरा एकदा. एकूण चार बटणं. सात वीसनंतर एकही नाही.

इतके दिवस अकरा-बारावर का अडकलं होतं ते आता कळतं. खूण म्हणजे उत्तरच. ते थोडं अवघड करून दिलेलं असतं इतकंच, पण मिळतं. आणि जिथे उत्तर मिळतं तिथे माणूस पुन्हा येतो. उलट खुणांनी एक प्रश्न सुटायला तीन फेऱ्या लागतात, म्हणजे मी स्वतःच फेऱ्या वाढवत होते. कडक समजत होते ते काष्ठमौन घरासाठी सोपं निघालं, कारण त्यात कुणाला काही समजून घ्यावं लागत नाही.

एक मात्र आहे. तीन अपवाद आणि खांद्याची खूण पक्की नसती तर मी हे धाकटीवर करून पाहिलं नसतं. कुणी करू नये.

गुरुवार, ३० जानेवारी

कालच्या आनंदावर आज पाणी. बटणं तीन, पण आठची घंटा वाजली आणि दारात चौघं एकदम. फी भरायची शेवटची तारीख, कुणी कुणाची पट्टी मोडली, आईंची गोळी संपलीय, नवऱ्याला उद्या लवकर निघायचंय. सगळे एकाच वेळी, वरच्या पट्टीत. तासभर दाबलेलं एका मिनिटात बाहेर. आठ-दहापर्यंत मी चिडून दोघांवर ओरडले होते.

प्रश्न नाहीसे झाले नव्हते, ते फक्त रांगेत उभे होते.

यावरून विनयपिटकातली एक गोष्ट आठवली, महावग्गातली. कोसलातल्या काही भिक्खूंनी एकत्र वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, करायचं ठरवलं आणि भांडणं नकोत म्हणून तीन महिने एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरवलं. व्यवस्था फार नेटकी होती: भिक्षेहून जो आधी परत येईल त्याने आसनं मांडायची, पाय धुवायचं पाणी ठेवायचं, जो शेवटी येईल त्याने आवरायचं. पाण्याचा घडा रिकामा दिसला तर भरायचा, एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवायचं, पण तोंड उघडायचं नाही. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि आम्ही सुखाने राहिलो म्हणाले. बुद्धांनी शाबासकी दिली नाही. गुराढोरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहिलात आणि सुखाने राहिलो म्हणता, असं सुनावलं, मूकव्रत घ्यायला मनाई केली आणि त्याऐवजी पवारणा लावून दिली: वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने इतरांना म्हणायचं, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तशी शंका आली असेल, तर मला सांगा.

आसनं, घडा, खुणा. आमची टोपली आणि आमचे हातवारे. नुसती व्यवस्था लावून एकमेकांशी न बोलता राहता येतं, पण ते राहणं कसलं, असा बुद्धांच्या त्या सुनावण्याचा अर्थ मी लावते.

उद्यापासून आठ ते आठ-दहा बैठक. घंटेनंतर सगळे जमिनीवर बसायचं, आधी धाकटी, मग थोरला, मग आई, मग नवरा, प्रत्येकाने तासाभरात साठलेलं सांगायचं. मी मध्ये बोलायचं नाही. शेवटी मी विचारायचं, 'माझं काही राहिलं का?'

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बैठक चालू होऊन आठवडा झाला. बटणं रोज दोन ते चार. बैठकीत पहिले दोन दिवस दहा मिनिटं पुरली नाहीत, आता सहा-सात मिनिटांत संपते. बरेच प्रश्न आठ वाजेपर्यंत आपोआप सुटलेले असतात, मुलं स्वतःच 'ते झालं' म्हणून सोडून देतात. भांडणाच्या फिर्यादी तर जवळजवळ गेल्याच. तासाभराने ती फिर्याद सांगायला लाजच वाटत असावी.

परवा 'माझं काही राहिलं का' वर थोरला म्हणाला, 'तू माझ्या मित्रासमोर माझे मार्क सांगितलेस.' ही गोष्ट डिसेंबरातली. तासाच्या गडबडीत तो हे कधी बोलला नसता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाहेरचं शांत झाल्यावर आतला गोंधळ ऐकू यायला लागला. आज सात वाजता घंटा वाजली आणि मी मनात एका नातेवाईक बाईंशी भांडायला सुरुवात केली. त्यांचा टोमणा, माझं उत्तर, त्यांचं त्यावरचं उत्तर, माझं आणखी झणझणीत उत्तर. सात वीसपर्यंत मी पूर्ण जिंकलेले होते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन भाग केलेत, शरीराचं, वाणीचं, मनाचं. आपण धरून चालतो की मौन वाणीच्या तपात असेल. नाही. पंधराव्या श्लोकात वाणीचं तप म्हणजे दुसऱ्याला न बोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, म्हणजे ते बोलण्याचंच तप आहे. मौन येतं पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात: मनःप्रसादः सौम्यत्वं मौनमात्मविनिग्रहः। तोंड मिटून मनात भांडत बसले तर त्या यादीप्रमाणे मी मौनात नव्हतेच.

यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही. एक लहान सापडलाय. पहिली वीस मिनिटं नुसतं बसायचं नाही, हाताला काम ठेवायचं, तेही ज्यात प्रत्येक वेळी थोडं बघावं लागतं असं: घड्या, बटण शिवणं, पेन्सिलींना टोक काढणं. सुईत दोरा ओवताना भांडण थांबतं, हे खरंच आहे. ओवून झाल्यावर पुन्हा सुरू होतं, पण तोपर्यंत पुढचं वाक्य विसरलेलं असतं. सातला सुरू झालेली बडबड साधारण वीस मिनिटांनी ओसरते, आणि खरा तास चाळीस मिनिटांचा असतो. अर्ध्या तासाचं मौन करणाऱ्याला त्यातली दहाच मिनिटं मिळतील, म्हणून मी तास कमी करणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. बेचाळीसपैकी सदतीस तास झाले. दोन दिवस पाहुणे, दोन दिवस मी स्वतःच मोडला (एकदा फोनवर, एकदा रागाने), आणि एक तो सोळा तारखेचा, जो मी झालेल्यांत मोजत नाही.

पुढे चालू ठेवायचं, पण रविवार सोडून. रविवारी सगळे घरी असतात आणि टोपलीत नसलेल्या वस्तू लागतात. परीक्षा सुरू झाल्यावर थोरल्याला सातच्या वेळी माझी गरज असेल, तेव्हा तास साडेआठला सरकवायचा. आईंचा हेडफोन तसाच. त्यांचे सुनेला सल्लेही तसेच.

आज धाकटीने घंटा सात बावन्नला वाजवली. लहान काटा आठाच्या टिकलीजवळ आलेला पण मोठा अजून वर गेलेला नव्हता, आणि तिला ते चांगलं माहीत होतं. आत येऊन तिने माझ्या खांद्याला हात लावला, तोंड उघडलं आणि खालचा पुढचा दात जिभेने हलवून दाखवला. हिरडीवर लाल ठिपका होता.

'रक्त,' ती म्हणाली.

पहिला अपवाद. मी बटण टाकलं नाही.